42 लाखांची जमा, एकच सही: प्रोप्रायटर राहायचं की फर्म नोंदवायची?

पुण्यात कोथरूडला राहणारी 34 वर्षांची सॉफ्टवेअर डेव्हलपर. सहा वर्षं घरूनच काम करते. आर्थिक वर्ष 2025-26 मधली तिची जमा 42 लाख रुपये: 26 लाख जर्मनीतल्या एका ग्राहकाकडून, 16 लाख देशातल्या तीन ग्राहकांकडून. सगळी रक्कम थेट बँकेत येते, रोखीचा प्रश्नच नाही. खर्च 13 लाखांचा. त्यातले 9 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला 80 हजार, कामातल्या एका जोडीदार डेव्हलपरला जातात. तो त्याचं बिल देतो आणि पैसे घेतो. उरलेले 3 लाख 40 हजार क्लाउड सर्व्हर, सॉफ्टवेअरची वर्गणी, लॅपटॉप, कोवर्किंगची जागा आणि सीएची फी यांत जातात. हातात राहतात 29 लाख. हे प्रकरण हिशेब दाखवण्यासाठी मांडलं आहे. आकडे त्यामुळे गोल आहेत, पण प्रश्न जसाच्या तसा रोज विचारला जातो.

मुंबईतल्या एका कंपनीने तिला 6 लाखांचं काम देऊ केलं आणि सोबत कळवलं, “आम्ही व्यक्तीबरोबर करार करत नाही, तुमची फर्म रजिस्टर असायला हवी.” घरात लगेच सल्ले सुरू झाले. दीर म्हणाले, “एलएलपी काढ, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, टॅक्सही वाचेल.” नवऱ्याचं म्हणणं, “मला भागीदार कर, पगार दोघांत विभागू.” जोडीदार डेव्हलपरचीही इच्छा होती की आता नावावर काहीतरी असावं.

सगळ्यात आधी त्या कंपनीचा व्हेंडर फॉर्म उघडून पाहायला हवा होता. व्यवसायाच्या स्वरूपाच्या रकान्यात कंपनी, एलएलपी आणि भागीदारीबरोबर ‘Proprietorship’ हाही पर्याय होता. खाली कागदपत्रं मागितली होती: पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, उद्यम प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक. ही सगळी प्रोप्रायटरकडे असू शकतात. म्हणजे अट कंपनीच्या नियमात नव्हती, खरेदी विभागातल्या माणसाच्या सवयीत होती. अशा अटीचा उगम फोन करून विचारायचा, “हे तुमच्या धोरणात लिहिलेलं आहे का, की फक्त जीएसटी नंबर हवाय?” बऱ्याच ठिकाणी उत्तर दुसरं निघतं. जिथे खरोखर धोरण असतं, तिथे गोष्ट वेगळी.

आधी कर, कारण गैरसमज तिथेच जास्त

दोन पर्यायांची तुलना करताना बहुतेक जण 30 टक्के विरुद्ध स्लॅब एवढंच पाहतात. तिच्या बाबतीत खरा निर्णायक मुद्दा कलम 44एडीए हा आहे. ठराविक व्यवसायांना, ज्यात माहिती तंत्रज्ञान अधिसूचित आहे, ढोबळ जमेच्या 50 टक्के रक्कम नफा म्हणून दाखवता येते. मग हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि ऑडिटची सक्ती नसते. मर्यादा 50 लाखांची. रोखीची जमा 5 टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर 75 लाखांची. ही सवलत निवासी व्यक्तीला मिळते, साध्या भागीदारी संस्थेलाही मिळते, पण एलएलपीला मिळत नाही. कंपनीलाही नाही. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे आणि त्यात ही अनुमानित उत्पन्नाची तरतूद कलम 58 मध्ये गेली आहे. इथला हिशेब मात्र 2025-26 चा, जुन्या कलमांनी.

प्रोप्रायटर म्हणून तिचं करपात्र उत्पन्न 42 लाखांच्या निम्मं, 21 लाख. नव्या करप्रणालीच्या स्लॅबने त्यावर 2 लाख 25 हजार, 4 टक्के उपकर धरून 2 लाख 34 हजार. इथे एक स्पष्ट सांगायला हवं: कायद्यात ‘50 टक्के किंवा करदात्याने मिळवल्याचं सांगितलेली त्याहून जास्त रक्कम’ अशी भाषा आहे. तिचा खरा नफा 29 लाख असताना 21 लाख दाखवणं ही सीएशी समोरासमोर बसून ठरवायची बाब आहे. कर्जाच्या अर्जात 29 लाख आणि विवरणपत्रात 21 लाख, असं तर होऊच देऊ नये.

आता तेच काम एलएलपीत टाकून पाहू. इथे 29 लाखांवरून हिशेब सुरू होतो. भागीदाराला द्यायच्या मोबदल्याला कलम 40(ब) ची मर्यादा आहे: पहिल्या 6 लाख पुस्तकी नफ्यावर 90 टक्के (किमान 3 लाख) आणि त्यापुढच्या नफ्यावर 60 टक्के. म्हणजे 5 लाख 40 हजार अधिक 23 लाखांचे 60 टक्के 13 लाख 80 हजार, एकूण 19 लाख 20 हजार. उरलेल्या 9 लाख 80 हजारांवर एलएलपी सरसकट 30 टक्के आणि उपकर भरणार: 3 लाख 5 हजार 760. काम एकटी तीच करते, म्हणून मोबदला तिला एकटीलाच. त्यावर तिचा वैयक्तिक कर 1 लाख 91 हजार 360. दोन्ही मिळून 4 लाख 97 हजार 120. नफ्याचा उरलेला वाटा तिच्या हातात करमुक्त येतो, पण त्यावरचा कर एलएलपीने आधीच भरलेला असतो.

फरक 2 लाख 63 हजारांचा. पण हा फरक एलएलपी हे स्वरूप महाग असल्यामुळे पडला, असं मात्र नाही. प्रोप्रायटरने 44एडीए न घेता 29 लाखांचा खरा नफा दाखवला असता तर कर 4 लाख 68 हजार आला असता. तो एलएलपीच्या आकड्यापासून जेमतेम 29 हजार दूर आहे. म्हणजे ‘एलएलपी काढली की टॅक्स वाचतो’ हे जसं खरं नाही, तसंच ‘एलएलपीत टॅक्स फार बसतो’ हेही अर्धवट आहे. मोल आहे ते 44एडीएचं. ज्याला ती सवलत लागूच होत नाही, त्याच्यासाठी गणित पार बदलतं. उदाहरणार्थ, ज्याचा पेशा अधिसूचित यादीत नाही, किंवा ज्याची जमा 75 लाखांच्या पुढे गेली आहे. तसंच ज्याचा खरा खर्च निम्म्याहून जास्त आहे, त्यालाही हे कलम उपयोगाचं नाही. 50 टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा तर वह्या आणि ऑडिट आलंच.

साधी भागीदारी संस्था नोंदवावी, तिला तर 44एडीए मिळतं, असा विचार पटकन सुचतो. इथे खाचखळगा आहे. संस्थेने 44एडीए घेतलं की 50 टक्क्यांतून भागीदाराचा मोबदला वजा करता येत नाही आणि कर स्लॅबने नाही, सरसकट 30 टक्क्यांनी. 21 लाखांवर उपकरासह 6 लाख 55 हजार 200. चारही आकड्यांत हा सर्वांत मोठा. शिवाय भागीदारी संस्थेत जबाबदारी अमर्याद, एका भागीदाराच्या चुकीची रक्कम दुसऱ्याकडूनही वसूल होते. एकट्या फ्रीलान्सरने हा मार्ग घ्यावा असं एकही कारण या प्रकरणात दिसत नाही.

नवऱ्याची सूचना राहिली. तो कंपनीत पूर्णवेळ नोकरी करतो आणि त्याचं क्षेत्र वेगळं. मोबदला फक्त काम करणाऱ्या भागीदाराला वजावटीस पात्र असतो. पत्नीचा मोठा हिस्सा असलेल्या संस्थेतून पतीला तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेशिवाय दिलेला मोबदला पत्नीच्याच उत्पन्नात धरला जातो. शिवाय त्याच्या नियुक्तिपत्रात ‘अन्य व्यवसाय करता येणार नाही’ असं कलम असण्याची शक्यता मोठी. कागदावर दोन भागीदार आणि प्रत्यक्षात एकच माणूस, ही रचना पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

जबाबदारीचं खरं स्वरूप

कर बाजूला ठेवला तरी एलएलपीच्या बाजूने एक वजनदार मुद्दा उरतो: मर्यादित जबाबदारी. प्रोप्रायटर आणि व्यवसाय कायद्यासमोर एकच. दावा लागला तर तिची बचत आणि फ्लॅटमधला तिचा हिस्सा दोन्ही पोहोचण्याजोगे. एलएलपीत कर्ज आणि कराराची देणी एलएलपीची असतात.

पण एलएलपी कायदा 2008 चं कलम 28 नीट वाचायला हवं. भागीदार दुसऱ्याच्या चुकीला वैयक्तिक जबाबदार नाही, स्वतःच्या चुकीच्या कृतीला किंवा हयगयीला मात्र आहे. आणि एकट्याने चालणाऱ्या धंद्यात कोड लिहिणारी तीच, सर्व्हरची किल्ली तिच्याकडे, चूक झाली तर तिचीच. सह्या कोण करतं यापेक्षा काम कोण करतं, यावर हे कवच किती जाड हे ठरतं. दहा माणसांच्या संस्थेत ते जाड असतं, एकटीच्या संस्थेत बरंच पातळ.

मग तिचा खरा धोका कुठे होता? कराराच्या एका कलमात. मुंबईच्या कंपनीच्या मसुद्यात लिहिलं होतं की ‘सेवेमुळे होणारं कोणतंही नुकसान’ सेवादाता भरून देईल. रक्कम नाही, मुदत नाही. 6 लाखांच्या कामासाठी अमर्याद हमी! यावर तीन बदल मागायचे असतात आणि तिने तेच मागितले. एकूण जबाबदारी मागच्या 12 महिन्यांत त्या करारातून मिळालेल्या फीपुरती. ग्राहकाचा गेलेला नफा आणि अप्रत्यक्ष नुकसान वगळलेलं. गोपनीयता आणि बौद्धिक संपदेच्या भंगाला वेगळी, पण तीही आकड्यात मांडलेली मर्यादा. कंपनीने पहिले दोन मान्य केले, तिसऱ्यात फीच्या दुप्पट रकमेवर तडजोड झाली. जोडीला तिने व्यावसायिक जबाबदारीचा विमा घेतला. अमर्याद कलमावर एलएलपी म्हणून सही केली असती आणि हयगय तिचीच ठरली असती, तर कलम 28 मुळे प्रश्न परत तिच्याच दारात आला असता. आधी कलम सुधारायचं, संस्थेच्या स्वरूपाचा विचार नंतर.

ज्याला मर्यादित जबाबदारी हवीच आहे आणि खरोखर दुसरा भागीदार नाही, त्याने आईचं किंवा बायकोचं नाव घालून एलएलपी करण्यापेक्षा वन पर्सन कंपनी पाहावी. तिला एकच सभासद पुरतो, नामनिर्देशित व्यक्ती द्यावी लागते. मात्र उलाढाल कितीही कमी असली तरी ऑडिट दरवर्षी. तिने सगळे 29 लाख पगार म्हणून घेतले तरी 75 हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतर कर 4 लाख 44 हजार 600 येतो. म्हणजे तिथेही 44एडीएचा फायदा जातोच.

एलएलपीबरोबर घरात येणारी कामं

नोंदणी अवघड नाही. डिजिटल सही, नावाची मान्यता, एमसीए पोर्टलवर `FiLLiP` अर्ज, आणि नोंदणीनंतर 30 दिवसांत करारनामा `Form 3` सोबत. किमान दोन भागीदार लागतात. भार पुढे सुरू होतो. वार्षिक विवरणाचा `Form 11` दरवर्षी 30 मेपर्यंत, हिशेबाचा `Form 8` 30 ऑक्टोबरपर्यंत. धंदा शून्य असला तरी भरावे लागतात आणि उशीर वाढेल तसं शुल्क वाढत जातं. उलाढाल 40 लाखांवर किंवा भागीदारांचं योगदान 25 लाखांवर गेलं की एलएलपी कायद्याखाली ऑडिट लागतं. तिची जमा 42 लाख, म्हणजे पहिल्याच वर्षी.

आणि टीडीएस, ज्याचा विचार कुणीच आधी करत नाही. मागच्या वर्षीची जमा 50 लाखांच्या आत असल्याने प्रोप्रायटर म्हणून जोडीदाराच्या बिलावर तिला टीडीएस कापावा लागत नाही. एलएलपीला ही मोकळीक नाही. वर्षभरात 50 हजारांपेक्षा जास्त व्यावसायिक फी दिली की कापणं आलं. त्यासाठी टॅन नंबर काढायचा, दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत रक्कम भरायची, तिमाही विवरण द्यायचं. विवरण उशिरा गेलं तर दिवसाला 200 रुपये. 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराचा स्वतःचा मोबदला आणि व्याज वर्षाला 20 हजारांवर गेलं की त्यावरही 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. म्हणजे दुसऱ्या खात्यात स्वतःलाच पैसे देताना कर कापून, भरून, विवरण द्यायचं. अॅडव्हान्स टॅक्सही चार हप्त्यांत. 44एडीएत तो 15 मार्चपर्यंत एकरकमी चालतो. तिच्या देशातल्या ग्राहकांनी 16 लाखांवर 10 टक्क्यांनी 1 लाख 60 हजार आधीच कापलेले, म्हणून 15 मार्चला भरायचे फक्त 74 हजार.

ठरलं काय

ती प्रोप्रायटर राहिली. पण ‘प्रोप्रायटर’ हा शब्द कागदावर उभा राहावा यासाठी चार गोष्टी नीट केल्या. उद्यम नोंदणी, जी सरकारी पोर्टलवर विनामूल्य आहे आणि एजंटाला पैसे देण्याचं कारण नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना, जिला लोक अजूनही गुमास्ता म्हणतात. कमी कामगार असलेल्या आस्थापनेला ऑनलाइन सूचना पुरते. या दोन कागदांवर व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडलं आणि त्यानंतर व्यवसायाचा एकही रुपया बचत खात्यात घेतला नाही. व्यवसाय कर म्हणजे पीटीईसी, वर्षाला 2,500 रुपये, आधीपासून होताच.

जीएसटी नोंदणी सेवांसाठी 20 लाखांवर लागते आणि ही मर्यादा मोजताना निर्यातही धरली जाते. ‘माझा ग्राहक परदेशी, मला जीएसटी नाही’ हे म्हणणं इथेच चुकतं. कर शून्य असतो, नोंदणी लागते. जर्मनीच्या बिलांवर कर न लावण्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला `RFD-11` मधून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यायचं. ते एप्रिलमध्ये राहून गेलं तर पहिल्या बिलांवरच घोळ होतो.

कराराच्या सहीच्या जागी मजकूर असा हवा: व्यवसायाचं नाव, त्याखाली ‘प्रोप्रायटर’ हा शब्द, मग तिचं पॅनवरचं पूर्ण नाव. नुसतं ठसठशीत व्यवसायनाव आणि ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ लिहिलं तर पुढच्या पक्षाला वाटतं की वेगळी संस्था आहे. मग बिलावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकतात. ही तक्रार किती वेळा येते!

जोडीदार डेव्हलपरला काय द्यायचं, हा शेवटचा आणि नाजूक मुद्दा. त्याला नफ्यातले 25 टक्के द्यावेत असं बोलणं झालं होतं. ते टाळलं. नफ्याचा वाटा घेणं एवढ्यावरून कुणी भागीदार ठरत नाही, भारतीय भागीदारी कायद्याचं कलम 6 तसं सांगतं. पण त्याच्या जोडीला तो ग्राहकांशी दोघांच्या वतीने बोलू लागला, दर ठरवू लागला, तर कागद नसतानाही भागीदारी उभी राहू शकते. तीही नोंद नसलेली. महाराष्ट्रात अशा संस्थेला कलम 69 मुळे ग्राहकाकडून थकलेली रक्कम वसूल करायला दावा लावणंसुद्धा कठीण. म्हणून त्याच्याशी लेखी सेवाकरार: महिना 80 हजार, बिलावर, चांगल्या वर्षी ठराविक बोनस, कोडचा हक्क तिच्याकडे, आणि तिच्याकडून ग्राहकाकडे. लेखी करार आणि बोनसची खात्री मिळाली म्हणून तो समाधानी झाला. त्याला खरोखर पाहिजे होतं ते तेवढंच होतं.

एलएलपीचा विषय बंद झालेला नाही. जमा 75 लाखांकडे सरकू लागली, किंवा जोडीदार स्वतःचे ग्राहक घेऊन आला, किंवा ज्याच्या धोरणात खरोखरच संस्था हवी असा मोठा ग्राहक मिळाला, की पुन्हा हिशेब. त्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवायची: भागीदारी संस्था आणि खासगी कंपनी यांचं एलएलपीत रूपांतर करण्याची सोय कायद्यात आहे, प्रोप्रायटरशिपची नाही. नवी एलएलपी काढून काम तिच्याकडे हलवावं लागतं. पॅन नवा, म्हणून जीएसटी नंबर नवा, एलयूटी नवं, बँक खातं नवं, प्रत्येक ग्राहकाशी करार नवा. न वापरलेलं इनपुट क्रेडिट `ITC-02` ने हलवायचं, तेही जुना नंबर रद्द करण्याआधी.

सर्वांत त्रासदायक चूक वर्षाच्या मध्यात बदल करताना होते. बिल एलएलपीचं गेलेलं असतं, पण ग्राहकाच्या लेखा विभागात जुनाच पॅन. टीडीएस तिच्या वैयक्तिक खात्यात दिसतो, उत्पन्न एलएलपीच्या वहीत, आणि ती वजावट कुणालाच सरळ मिळत नाही. त्यामुळे बदल करायचाच झाला तर 1 एप्रिलपासून. नोंदणी जानेवारीत सुरू करायची, फेब्रुवारीत ग्राहकांना नवा पॅन आणि खातं लेखी कळवायचं, आणि 31 मार्चपर्यंतचं शेवटचं बिल जुन्या नावाने काढून त्याची रक्कम जुन्याच खात्यात येऊ द्यायची. ती रक्कम आली आणि तिचा टीडीएस आयकर खात्याच्या 26एएस विवरणात दिसला की मगच जुनं चालू खातं बंद करायचं.